डेटाशीटवरचे सेंटीपॉइज, गणितातले पास्कल-सेकंद

बेअरिंग डिझाइनच्या कामावर नवीन आलेल्या मुलांच्या हाती सुरुवातीलाच जे कागद पडतात, त्यांत ऑइलची डेटाशीट असतेच. शीटवर व्हिस्कॉसिटी सेंटीपॉइजमध्ये छापलेली असते आणि घर्षणाच्या सूत्राला ती पास्कल-सेकंदात लागते. शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी सांगतो, ‘अरे, हजाराने भाग, झालं.’ सांगतो ते बरोबरच असतं. पण मुलांची गणितं तपासताना माझा लाल पेन सगळ्यात जास्त याच ओळीवर थांबतो. हजाराने भागायला कोणी चुकत नाही, नेमक्या कोणत्या आकड्याला भागायचं हे चुकतं.

आधी तो हजार येतो कुठून ते एकदा हाताने करून बघा, म्हणजे पाठ करावा लागत नाही. पॉइज हे जुन्या सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतलं एकक आहे. एक पॉइज म्हणजे एक ग्रॅम भागिले सेंटीमीटर-सेकंद. ग्रॅमचा किलोग्रॅम करताना हजाराने भागलं जातं. सेंटीमीटर खाली, छेदात आहे, त्यामुळे त्याचा मीटर करताना शंभराने गुणलं जातं. दोन्ही मिळून फक्त दहाचा फरक उरतो, म्हणून एक पॉइज म्हणजे 0.1 पास्कल-सेकंद. सेंटीपॉइज त्याचा शंभरावा भाग, म्हणजे 0.001 पास्कल-सेकंद. यातलं दहा आणि शंभर डोक्यात अर्धवट राहिले की माणूस कधी दहाने भागतो, कधी शंभराने. खात्रीसाठी पाणी लक्षात ठेवा. 20 अंश सेल्सिअसला पाण्याची व्हिस्कॉसिटी जवळजवळ बरोबर 1 सेंटीपॉइज, म्हणजे 0.001 पास्कल-सेकंद असते. तुमच्या उत्तरात गरम इंजिन ऑइल पाण्यापेक्षा शंभरपट घट्ट निघालं, तर दशांशचिन्ह कुठेतरी घसरलं आहे.

आणखी एक सोपी गोष्ट इथेच उरकून घेऊ. हल्लीच्या बऱ्याच शीटवर cP ऐवजी mPa·s लिहिलेलं असतं. दोन्ही एकच, आकड्याला हात लावायचा नाही. फक्त तो m लहान आहे का ते बघा. कुठे टायपिंगमध्ये मोठा M पडलेला दिसला तर घाबरू नका, तिथे मेगापास्कल असण्याची काहीच शक्यता नाही.

आता खरी शीट. डिझेल इंजिनसाठीचं 15W-40 ऑइल घेऊ. आकडे कोणत्याही एका ब्रँडचे नाहीत, पण या ग्रेडच्या शीटवर साधारण असेच असतात. 40 अंशांना 108 सेंटीस्टोक. 100 अंशांना 14.5 सेंटीस्टोक. मग कोल्ड क्रँकिंगची ओळ येते, उणे 20 अंशांना 6200 सेंटीपॉइज. त्याच्या खाली 150 अंशांना, जास्त शिअरखाली, 4.1 सेंटीपॉइज. आणि शेवटी 15 अंशांना घनता 0.885 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर.

या शीटवर हजाराने थेट भागता येतील असे आकडे दोनच आहेत. 6200 सेंटीपॉइजचे 6.2 पास्कल-सेकंद होतात, आणि 4.1 सेंटीपॉइजचे 0.0041. वरच्या दोन ओळी सेंटीस्टोकच्या आहेत, आणि नेमकं तिथेच नवीन माणसाचा पाय घसरतो. cP आणि cSt दिसायला सारखे, एकाच टेबलात, एकाच ‘व्हिस्कॉसिटी’ शब्दाखाली छापलेले. पण सेंटीस्टोक ही कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी आहे. काचेच्या केशनलिकेतून ऑइल स्वतःच्या वजनाने खाली यायला किती वेळ घेतं, त्यावरून ती मोजतात. ऑइलचं वजनच त्याला ढकलत असल्यामुळे त्या आकड्यात घनता आधीच मुरलेली असते. सेंटीपॉइज हवे असतील तर घनतेने गुणावं लागतं, आणि ती घनताही त्याच तापमानाची हवी.

शीटवर घनता 15 अंशांची आहे, आपल्याला हवी 100 अंशांची. मिनरल ऑइलची घनता दर अंशाला सुमारे 0.00065 ने उतरते, असं धरलं तर आपल्या कामापुरतं पुरतं. 85 अंशांच्या फरकाला 0.055 कमी होतात आणि 0.830 उरतात. 14.5 गुणिले 0.830 म्हणजे 12.0 सेंटीपॉइज. आता हजाराने भागा: 0.0120 पास्कल-सेकंद. घनता दुरुस्त न करता 0.885 नेच गुणलं असतं तर 12.8 आले असते, म्हणजे जवळजवळ सात टक्के जास्त. काही भारतीय शीटवर घनता 15 ऐवजी 29.5 अंशांची दिलेली सापडते. वजाबाकी सुरू करण्याआधी ते तापमान वाचून घ्या.

हेच गणित उलट्या वाटेने करून पडताळता येतं. सेंटीस्टोक म्हणजे 10⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद, आणि घनता 830 किलो प्रति घनमीटर. 14.5 × 830 × 10⁻⁶ केलं की पुन्हा 0.0120 च येतात. मी एक्सेलमध्ये दोन्ही वाटा शेजारशेजारच्या कॉलममध्ये ठेवतो. दोन उत्तरं जुळली नाहीत तर कुणीतरी 885 च्या जागी 0.885 टाकलेलं असतं.

हा आकडा आता बेअरिंगमध्ये घालून बघू. शाफ्टचा व्यास 60 मिलिमीटर, बेअरिंगची लांबी 25 मिलिमीटर, त्रिज्येवरचा क्लिअरन्स 0.04 मिलिमीटर, वेग 1800 आरपीएम, म्हणजे सेकंदाला 30 फेरे, आणि ऑइल 100 अंशांना. हलक्या लोडच्या बेअरिंगसाठी पेट्रॉफचं समीकरण पुरतं:

```
T = 4π² μ N r³ L / c
  = 39.48 × 0.0120 × 30 × (0.03)³ × 0.025 / 0.00004
  ≈ 0.24 N·m
```

टॉर्क 0.24 न्यूटन-मीटर. त्याला कोनीय वेगाने, म्हणजे 188.5 रेडियन प्रति सेकंदाने गुणलं की घर्षणात जाणारी पॉवर साधारण 45 वॉट येते. सूत्रात सगळं मीटर, सेकंद आणि पास्कलमध्येच ठेवलं आहे, म्हणून उत्तर थेट न्यूटन-मीटरमध्ये पडलं. क्लिअरन्स मिलिमीटरमध्ये ठेवून व्हिस्कॉसिटी पास्कल-सेकंदात घालणाऱ्यांचं गणित मी पुढे वाचतच नाही.

याच गणितात चुका घालून बघणं फार शिकवतं. 12.0 ला भागायचंच विसरलात तर उत्तर 45 किलोवॉट येतं. एका बेअरिंगमध्ये अख्ख्या छोट्या कारचं इंजिन जिरतंय म्हटल्यावर कोणीही थांबेल. ही चूक स्वतःच ओरडते. शंभराने भागलंत तर 450 वॉट. हा आकडा अनुभवी माणसाला खटकतो, पण नवीन माणसाला खपून जातो. सेंटीस्टोकचे 14.5 घनतेशिवाय थेट हजाराने भागलेत तर 55 वॉट येतात, आणि ते कोणालाच खटकत नाहीत. म्हणून मी पोरांना सांगतो, हजारपटीच्या चुकीची काळजी करू नका, वीस टक्क्यांच्या चुकीची करा.

तापमानाची चूकही अशीच गुपचूप बसते. 40 अंशांची ओळ टेबलात पहिली असते, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. 108 ला त्या तापमानाच्या घनतेने, 0.869 ने, गुणून 93.8 सेंटीपॉइज, म्हणजे 0.0938 पास्कल-सेकंद. रूपांतर अगदी बिनचूक, आणि पॉवर आली सुमारे 350 वॉट. एककं बरोबर, घनता बरोबर, फक्त बेअरिंग 100 अंशांना चालतंय. माझ्या कॅल्क्युलेशन शीटमध्ये व्हिस्कॉसिटीच्या रकान्याला चिकटूनच तापमानाचा रकाना असतो, आणि तो रिकामा असेल तर मी शीट परत पाठवतो.

मग थेट सेंटीपॉइजमध्येच दिलेल्या त्या दोन ओळी कशाला आहेत? उणे 20 अंशांची ओळ गार इंजिनासाठी. क्रँकशाफ्ट फिरवताना स्टार्टरला किती जोर लागेल, हे तिच्यावरून कळतं. एसएई जे300 नुसार 15W साठी इथे 7000 सेंटीपॉइजच्या वर जाता येत नाही, म्हणजे आपलं 6200 चं ऑइल बसतं. शीटवर या ओळीत नुसतं 6.2 दिसलं तर ते पास्कल-सेकंद आहेत, आणि पुन्हा भागायचं नाही. मराठवाड्यात किंवा विदर्भात गाडी चालवणाऱ्याला ही ओळ फारशी कामाची नाही, लेह-लडाखला जाणाऱ्याला आहे.

150 अंशांची ओळ डिझाइनवाल्यासाठी जास्त मोलाची. मल्टिग्रेड ऑइलमध्ये पॉलिमर घातलेले असतात. ऑइल निवांत वाहत असताना ते त्याला घट्ट धरून ठेवतात, पण अरुंद फटीत वेगाने घासलं गेलं की पॉलिमरच्या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात आणि ऑइल तेवढ्यापुरतं पातळ होतं. केशनलिकेतल्या मोजमापात हे दिसतच नाही. आपल्याच शीटवरचे 40 आणि 100 अंशांचे आकडे वापरून 150 अंशांचा अंदाज काढला, तर सुमारे 5.6 सेंटीस्टोक, म्हणजे 4.5 सेंटीपॉइज येतात. प्रत्यक्षात सेकंदाला दहा लाख या शिअर रेटखाली मोजलेला आकडा 4.1 आहे. मधला फरक त्या पॉलिमरचा. आपल्या बेअरिंगमध्ये पृष्ठभागाचा वेग 5.65 मीटर प्रति सेकंद आहे. त्याला 0.00004 मीटरने भागलं की शिअर रेट सेकंदाला सुमारे 1 लाख 41 हजार येतो. म्हणजे आपण दोन मोजमापांच्या मध्ये कुठेतरी आहोत आणि 0.0120 हा आकडा थोडा चढाच आहे. पॉवरच्या अंदाजाला तो चालेल. फिल्मची किमान जाडी काढायची असेल तर मात्र तो धोक्याच्या बाजूला झुकतो, तिथे मी तो खाली ओढून घेतो.

आता उत्तर किती अंकांत लिहायचं? शीटवरचे आकडे ‘टिपिकल’ म्हणून छापलेले असतात. ग्रेड 40 असण्यासाठी 100 अंशांना 12.5 ते 16.3 सेंटीस्टोकच्या आत बसलं की पुरे, आणि पुढच्या ड्रममधलं ऑइल त्यात कुठेही असू शकतं. त्या दोन टोकांना आपलं बेअरिंग 39 आणि 51 वॉट खातं. कॅल्क्युलेटरवर 45.2 दिसत असले तरी रिपोर्टमध्ये 45 लिहा आणि पुढे कंसात 39 ते 51.