दिवाळीच्या सेलसाठी मराठी व इंग्रजी कॅप्शन आणि हॅशटॅग कसे लिहावेत

समजा, पुण्यात घरगुती पातळीवर कागदी आकाशकंदील तयार करणारा एखादा छोटा व्यवसाय दिवाळीपूर्वी सवलत जाहीर करणार आहे आणि इन्स्टाग्रामवर एकाच पोस्टमध्ये मराठी व इंग्रजी असे दोन्ही मजकूर द्यायचे आहेत. लिहायला बसण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर नोंदवाव्यात: वस्तू, मूळ किंमत, सवलतीची किंमत, अखेरची तारीख आणि मागणी नोंदवण्याची पद्धत. यांपैकी एक जरी राहिली, तरी प्रतिक्रियांमध्ये तोच प्रश्न वारंवार विचारला जातो.

कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच आपोआप दिसतात, उरलेला मजकूर वाचण्यासाठी बोट लावावे लागते. म्हणून शुभेच्छांनी सुरुवात करू नये, कारण ‘सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ हे वाक्य त्या दिवसांत प्रत्येक दुकानाच्या पोस्टवर असते आणि किंमत मात्र खाली दडून राहते. आपल्या उदाहरणात मराठी मजकूर असा होईल:

```
कागदी आकाशकंदील ४५० ऐवजी ३६० रुपयांना, २५ ऑक्टोबरपर्यंत.
सहा रंग. घडी घालून पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात.
पुण्यात घरपोच. मागणीसाठी मेसेज करा.
```

‘२० टक्के सूट’ असे लिहिण्यापेक्षा दोन्ही किमती दिल्याने ग्राहकाला हिशेब करावा लागत नाही. सवलत ठरावीक रंगांपुरती असेल, तर ते इथेच लिहावे. ‘अटी लागू’ एवढेच लिहून अट न सांगणे ग्राहकाला फसवणुकीसारखे वाटते.

इंग्रजी मजकूर हा मराठीचा शब्दशः अनुवाद नसावा, कारण त्याचा वाचक वेगळा असतो. आकाशकंदील म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही, परंतु शहरात नव्याने राहायला आलेल्या अमराठी शेजाऱ्याला ते सांगावे लागते, आणि परगावी पाठवण्यासाठी घेणाऱ्याला कंदील घडी होतो ही बाब रंगांपेक्षा महत्त्वाची वाटते.

```
Akash kandil: handmade paper lanterns for Diwali.
₹360 instead of ₹450 till 25 October.
Folds flat, so it is easy to post or carry.
Message us for home delivery in Pune.
```

ज्या भाषेत बहुतेक ग्राहक मेसेज करतात, ती भाषा वर ठेवावी. खाली गेलेल्या भाषेतील वस्तूचे नाव आणि किंमत चित्रावरच लिहिली, म्हणजे त्या वाचकालाही पहिल्या नजरेत विषय कळतो.

खरी मेख हॅशटॅगमध्ये आहे. इंग्रजीत हॅशटॅग वाक्यात गुंफता येतो, मराठीत मात्र नामाला विभक्तिप्रत्यय लागतो आणि मूळ रूपही बदलते. ‘#आकाशकंदिलांवर सवलत’ असे लिहिले, तर तयार होणारा हॅशटॅग #आकाशकंदील नसून #आकाशकंदिलांवर हा असतो, आणि तो कोणीही शोधत नाही. त्यामुळे मराठी हॅशटॅग नेहमी मूळ रूपात आणि मजकुराच्या शेवटी द्यावेत.

देवनागरीत इंग्रजीसारखी मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे #DiwaliLantern मध्ये शब्द जसे वेगळे ओळखू येतात, तसे #दिवाळीघरसजावट मध्ये येत नाहीत. अधोरेखा घालून #दिवाळी_घरसजावट करता येते, परंतु तो स्वतंत्र हॅशटॅग ठरतो. तेव्हा दोन्ही शोधून पाहून ज्याखाली आपल्यासारख्या वस्तूंच्या ताज्या पोस्ट दिसतात, तो घ्यावा. संयोगचिन्ह मात्र टाळावे, कारण #दिवाळी-सेल हा हॅशटॅग ‘दिवाळी’पाशीच तुटतो. अंक कोणत्या लिपीत आहेत, यानेही हॅशटॅग बदलतो: #दिवाळी२०२६ आणि #दिवाळी2026 हे वेगळे आहेत.

आणखी एक बारकावा सहसा लक्षात येत नाही. ‘दसऱ्या’मधील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो: एकदा स्वतंत्र ‘ऱ’ अक्षराने आणि एकदा साध्या ‘र’नंतर येणाऱ्या अदृश्य जोडचिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती दोन रूपे असतात, आणि काही वेळा अदृश्य चिन्हापाशी हॅशटॅग तुटतो. #दसऱ्याचीखरेदी ऐवजी #दसरा घेतला, की हा प्रश्नच उरत नाही.

आपल्या पोस्टला पाच हॅशटॅग पुरेत: #आकाशकंदील, #दिवाळी_घरसजावट, #AkashKandil, #PuneShopping आणि व्यवसायाच्या नावाचा एक. #Diwali सारख्या अवाढव्य हॅशटॅगमध्ये छोट्या दुकानाची पोस्ट काही क्षणांत मागे पडते, म्हणून तो वगळला तरी चालेल.

पोस्ट टाकल्यावर दुसऱ्या फोनवरून ती उघडावी आणि प्रत्येक हॅशटॅग शेवटच्या अक्षरापर्यंत वेगळ्या रंगात दिसतो का, ते पाहावे. मध्येच रंग बदलला असेल, तर तो तिथे तुटला आहे. सवलतीची मुदत संपताच कॅप्शन संपादित करून पहिल्या ओळीत ‘सवलत संपली’ असे लिहावे, कारण हॅशटॅगमधून येणारा ग्राहक तारीख पाहतोच असे नाही आणि तो सवलतीच्या किमतीसाठी अडून बसतो.