वरिष्ठ बदलून मागायचा अर्ज: तक्रार न करता कसा लिहावा

नागरी सहकारी बँकेच्या प्रशासन विभागात माझी बरीच वर्षे गेली. रजेचे, बदलीचे, पगारवाढीचे अर्ज रोजचेच. पण वर्षातून दोन-चार अर्ज असे येत की पाकीट जाड लागले की समजावे, आत कुणाचे तरी साहेबांशी बिनसले आहे. चार पाने हकीकत आणि मागणी शेवटच्या अर्ध्या ओळीत.

अशा अर्जाचे पुढे काय होते ते आधी सांगतो. सरव्यवस्थापक पहिले पान वाचतात, समासात ‘संबंधितांचा खुलासा घ्यावा’ असा शेरा मारतात आणि अर्ज ज्यांच्याविषयी आहे त्यांच्याच टेबलावर जातो. खुलासा येतो, त्यात अर्जदाराच्या चुका निघतात. आता ती विनंती राहिली नाही, दोघांमधला वाद झाला. वाद मिटेपर्यंत बदल करता येत नाही, कारण बदल केला तर एकाची बाजू घेतल्यासारखे दिसते. म्हणून अर्ज असा हवा की त्यावर खुलासा मागायची गरजच पडू नये. तुमच्या वरिष्ठांनी तो वाचला तरी ‘हो, झाले आहे खरे असे’ एवढेच त्यांना म्हणता यावे.

हा अर्ज कुणासाठी नाही

लैंगिक छळ झाला असेल तर हा मार्ग नव्हे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करायची असते. ती मुदत अशा मऊ अर्जात घालवू नये. खोटी कागदपत्रे करायला सांगितले असेल, तर तीही तक्रारच आहे, विनंती नव्हे. इथे विचार आहे तो फक्त दोन माणसांचे जमत नाही, काम अडते आणि दोष एकाच्या पदरात टाकता येत नाही, अशा प्रसंगाचा.

लिहिण्याआधी महिनाभर

एक वही करा. प्रसंग घडला की त्या दिवशीच तारीख, काम आणि त्या कामाचे काय झाले, एवढे तीनच रकाने भरा. आपल्याला काय वाटले याचा रकाना ठेवू नका. महिन्याने वही वाचली की बऱ्याच नोंदी आपल्यालाच किरकोळ वाटतात. ज्यांत काम प्रत्यक्ष अडले अशा दोन-तीन उरतात. अर्जात तेवढ्याच घ्यायच्या.

दुसरे, वरिष्ठांशी एकदा समोरासमोर बोला. अवघड आहे, पण सरव्यवस्थापकांचा पहिला प्रश्न हाच असतो: ‘तुम्ही त्यांच्याशी बोललात का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर अर्ज तिथेच थांबतो. बोलून काही फरक पडला नाही तरी चालेल. ती तारीख अर्जात येते.

वेळही बघा. बँकेत जानेवारी ते मार्च वसुलीचे दिवस, तेव्हा कुणी कुणाला हलवत नाही. वर्षाचा गोपनीय अहवाल लिहून झाल्यावर लगेच अर्ज दिला, तर ‘शेरा खराब मिळाला म्हणून रुसले’ असा अर्थ निघतो. सप्टेंबरची अर्धवार्षिक कामे आटोपली की ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्यातल्या त्यात बरा काळ.

‘मार्फत’चा पेच

आपल्याकडच्या संस्थांत अर्ज ‘योग्य त्या मार्गाने’ जावा लागतो, म्हणजे ‘मा. विभागप्रमुख यांचेमार्फत’. आणि ज्यांच्यापासून दूर व्हायचे तेच विभागप्रमुख! इथे बहुतेक जण एक चूक करतात. मार्फत टाळून थेट वरच्या साहेबांच्या घरी किंवा संचालकांकडे जातात. मग अर्जातला मुद्दा बाजूला राहतो आणि शिस्तीचाच प्रश्न उभा राहतो.

मार्ग असा आहे. अर्ज मार्फतच लिहा, विभागप्रमुखांच्या हातात स्वतः द्या आणि त्याच दिवशी आगाऊ प्रत प्रशासन विभागाच्या आवक खात्यात द्या. प्रतीवर ‘आगाऊ प्रत’ असे लिहा. आपल्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. हीच पोच. मूळ अर्ज खाली पडून राहिला तरी आगाऊ प्रतीने विषय वर पोहोचलेला असतो. विभागप्रमुखांना तो दुसऱ्याकडून कळत नाही, ही त्यातली मोठी जमेची बाजू. शिवाय अर्ज त्यांच्या हातात द्यायचा आहे हे ठाऊक असले की लिहितानाच हात आवरतो.

खासगी कंपनीत मार्फत नसते. तिथे वरिष्ठांच्या वरिष्ठांना ईमेल आणि मनुष्यबळ विभागाला प्रत, एवढे पुरते. पण तो ईमेल पुढे पाठवला जाणार हे धरूनच लिहावा.

एक अर्ज, आधी आणि नंतर

कर्ज विभागातल्या एका छाननी अधिकाऱ्याचा प्रसंग घेऊ. बाईंची नोकरी अकरा वर्षांची, नवे विभागप्रमुख येऊन सात महिने झालेले. कर्जप्रस्तावावर त्या टिपणी लिहीत, साहेब एक त्रुटी सांगून फाइल परत पाठवत, ती दुरुस्त केली की दुसरी काढत. सूचना बहुधा तोंडी असत आणि कधी कर्जदारासमोरच दिल्या जात. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिले होते: ‘साहेब मला जाणूनबुजून त्रास देतात, ग्राहकांसमोर अपमान करतात. या मानसिक छळाला मी कंटाळले आहे.’

यातला प्रत्येक शब्द त्यांच्या दृष्टीने खरा असेल. पण ‘जाणूनबुजून’ हा साहेबांच्या मनाचा दाखला झाला, तो कुणाला देता येत नाही. ‘अपमान’ हा निष्कर्ष. आणि ‘छळ’ हा शब्द आला की प्रशासनाला चौकशीचाच विचार करावा लागतो, बदलीचा नाही. पुढे लिहिताना एक कसोटी लावा: या वाक्याला कुणी ‘नाही’ म्हणू शकेल का? ‘फाइल तीन वेळा परत आली’ याला नाही म्हणता येत नाही, आवक-जावक वहीत नोंद असते. ‘मुद्दाम परत पाठवली’ याला म्हणता येते.

दुसरी गोष्ट, आपला वाटा एका वाक्यात लिहा. खोटी नम्रता नको, खरी गोष्ट हवी. या बाईंनी तोंडी सूचना कधीच लिहून घेतल्या नव्हत्या, तेच त्यांनी नमूद केले. यामुळे अर्जदार कमजोर दिसतो असे लोकांना वाटते. मी उलटे पाहिले आहे. वाचणाऱ्याचा अर्जावर विश्वास बसतो तो त्या एका वाक्यामुळे.

मागणी नेमकी हवी. ‘मला यांच्या हाताखालून काढा’ म्हटले की पुढे कुठे टाकायचे हा प्रश्न प्रशासनाच्या गळ्यात. म्हणून जागा किंवा पर्याय आपणच सुचवायचा, आणि हातातली कामे कशी सोपवणार तेही सांगायचे. शेवटचा अर्ज असा झाला:

> प्रति,
> मा. सरव्यवस्थापक (प्रशासन)
>
> मार्फत: मा. विभागप्रमुख, कर्ज विभाग
>
> विषय: कामकाजाच्या वरिष्ठांमध्ये बदल होणेबाबत विनंती
>
> महोदय,
>
> मी कर्ज विभागात छाननी अधिकारी म्हणून काम करते. गेल्या सात महिन्यांत मा. विभागप्रमुख आणि माझ्या कामाच्या पद्धतीत मेळ बसलेला नाही. त्याचा परिणाम प्रस्तावांच्या वेळेवर होत आहे, म्हणून हा अर्ज करीत आहे.
>
> जुलै व ऑगस्टमध्ये माझ्याकडील चार प्रस्ताव प्रत्येकी तीन वेळा दुरुस्तीसाठी परत आले. दि. २ ऑगस्ट रोजी एका फाइलवरील त्रुटींची चर्चा कर्जदारांच्या उपस्थितीत झाली आणि त्यांनी प्रस्ताव काही दिवस थांबवण्यास सांगितले. मला सर्व त्रुटी एकत्र व लेखी मिळाल्यास काम लवकर होते. साहेबांची पद्धत फाइल टप्प्याटप्प्याने तपासण्याची आहे. दोन्ही पद्धतींना आपापली कारणे आहेत. सुरुवातीला तोंडी सूचना लिहून न घेतल्यामुळे काही दुरुस्त्या माझ्याकडून अपुऱ्या राहिल्या, हे मी मान्य करते.
>
> दि. ९ सप्टेंबर रोजी मी याबाबत साहेबांशी बोलले. त्यांनी वेळ दिला व माझे म्हणणे ऐकून घेतले. त्यानंतर आम्ही दोघांनी प्रयत्न केला, परंतु कामात फारसा फरक पडला नाही.
>
> तरी माझ्या सध्याच्या श्रेणीत व वेतनात बदल न करता, वसुली विभागात किंवा अन्य वरिष्ठांच्या देखरेखीखाली मला काम देण्याचा विचार व्हावा, ही विनंती. माझ्याकडील प्रलंबित अकरा फाइलींची यादी सोबत जोडली आहे. बदल झाल्यास दोन आठवड्यांत त्या पूर्ण टिपणीसह सुपूर्द करीन. याविषयी समक्ष भेटीसाठी वेळ मिळावा.
>
> आपली विश्वासू,

एका पानात संपतो. ‘अपमान’ शब्द कुठेही नाही, पण कर्जदारासमोर चर्चा झाली आणि प्रस्ताव थांबला हे वाचून जे समजायचे ते समजते. ‘साहेबांनी वेळ दिला’ हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. बोलायला वेळच मिळाला नसेल तर ‘दि. ९ व १६ सप्टेंबर रोजी वेळ मागितली होती, भेट होऊ शकली नाही’ असे लिहा. सहकाऱ्यांची नावे किंवा ‘विभागात सगळ्यांचेच असे म्हणणे आहे’ हे टाळा. उद्या त्या सगळ्यांना बोलावले तर निम्मे जण ‘आमचे काही म्हणणे नाही’ म्हणतील आणि उरलेला अर्जही खोटा ठरेल.

लिहिलेला अर्ज दोन दिवस खणात ठेवा. मग त्यातले जोर देणारे शब्द तेवढे खोडा: नेहमी, कायम, अतिशय, मुद्दाम. एखादे वाक्य असा शब्द काढल्यावर उभेच राहत नसेल तर ते वाक्यच काढा.

अर्ज दिल्यावर

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आवक क्रमांकाचा उल्लेख करून दोन ओळींचे स्मरणपत्र द्या. भेटीला बोलावले की वही बरोबर न्या, पण विचारल्याशिवाय उघडू नका. ‘साहेबांविषयी आणखी काही सांगायचे आहे का?’ असा प्रश्न हमखास येतो. अर्जात नसलेली गोष्ट तिथे काढली की सगळी मेहनत वाया जाते. ‘अर्जात लिहिले आहे तेवढेच’ हे उत्तर पुरते.

जागा रिकामी नाही म्हणून नकारही येतो, विशेषतः लहान बँकेत, जिथे कर्ज विभागाला एकच प्रमुख असतो. तेव्हा बदलाऐवजी व्यवस्था मागा: त्रुटी एकाच वेळी, फाइलला जोडलेल्या कागदावर लेखी मिळाव्यात. वर सांगितलेल्या बाईंना वसुली विभाग मिळाला नाही. मिळाला तो हा कागद. डिसेंबरपासून प्रत्येक फाइलला तो टाचला जाऊ लागला आणि मार्चनंतर त्यांनी अर्ज पुन्हा दिला नाही.