मीटर मागे केलेली गाडी तपासताना या चुका टाळा

जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी ती तपासून देण्याचे काम मी पुण्यात अनेक वर्षे करीत आहे. मीटर मागे केलेल्या गाडीत जे लोक फसतात, त्यांतल्या बहुतेकांनी मीटरवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवलेला नसतो. त्यांनी तपास केलेला असतो, पण तो चुकीच्या जागी किंवा चुकीच्या क्रमाने झालेला असतो.

पहिली चूक म्हणजे मीटरकडेच निरखून पाहणे. जुन्या मीटरमध्ये आकड्यांची चाके हाताने फिरवलेली असली, तर एखादा आकडा ओळीच्या वर-खाली बसलेला दिसे. डिजिटल मीटरमध्ये आकडा एका लहानशा मेमरी चिपमध्ये किंवा मीटरच्या प्रोसेसरमध्ये साठवलेला असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडून, किंवा मीटर बाहेर काढून ती चिप नव्याने लिहून, तो काही मिनिटांत बदलता येतो आणि काचेवर त्याचा कोणताही माग राहत नाही. मात्र स्वस्तात केलेल्या या कामात बदलतो तो फक्त मीटरमधला आकडा. इंजिनच्या कंट्रोल युनिटमधल्या नोंदी आणि सर्व्हिस सेंटरच्या संगणकातली जॉब कार्डे जशीच्या तशी राहतात, म्हणून तपास तिथे करायचा असतो.

ज्या चुकीने मला सर्वाधिक त्रास होतो ती म्हणजे स्कॅनर लावताच फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेल्या बिघाडांच्या खुणा, पुसणे. ब्लूटूथचा स्वस्त अडॅप्टर आणि मोबाइलवरचे ॲप घेऊन आलेला नवशिका आधी कोड पाहतो आणि लगेच ‘क्लिअर’चे बटण दाबतो. त्याच क्षणी गाडीतला एक अत्यंत मोलाचा आकडा शून्य होतो. कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, याची नोंद इंजिनचे कंट्रोल युनिट स्वतंत्रपणे ठेवत असते. हा आकडा मीटरवरच्या एकूण आकड्यापेक्षा मोठा निघाला, तर मीटर मागे केल्याचा याहून सरळ पुरावा नाही, कारण जन्मापासून चाललेल्या अंतरापेक्षा मधल्याच एका दिवसापासूनचे अंतर जास्त असू शकत नाही.

एका मित्राच्या मामांनी डिझेल सेडान पसंत केली होती. गाडी २०१५ सालची होती आणि मीटर ५८,४१२ किलोमीटर दाखवत होते. मामांनी विसार देऊन टाकला होता, ही त्यांची घाई झाली; पण सुदैवाने गाडीला तोपर्यंत कोणी स्कॅनर लावलेला नव्हता. मी कोडकडे न पाहता आधी हे अंतर विचारणारी ही एक ओळ पाठवली आणि पडद्याचा फोटो काढला:

```
>0131
41 31 F9 7E
```

शेवटच्या दोन जोड्यांत उत्तर असते, आणि ते सोळाच्या पायावर लिहिलेले असते. F9 म्हणजे २४९ आणि 7E म्हणजे १२६. २४९ ला २५६ ने गुणून १२६ मिळवले की ६३,८७० येतात. म्हणजे कोड शेवटचे पुसल्यानंतरच गाडी ६३,८७० किलोमीटर चालली होती आणि मीटर मात्र आयुष्यभराचे ५८,४१२ सांगत होते. चांगली ॲप हाच आकडा आयता दाखवतात, पण मी कच्चे उत्तरही जपून ठेवतो.

या नोंदीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. ती ६५,५३५ च्या पुढे मोजू शकत नाही आणि काही जुन्या गाड्या ती देतच नाहीत. आकडा मीटरपेक्षा लहान असला म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही. तो अवघा दहा-बारा किलोमीटर निघाला, तर कोड नुकतेच पुसले आहेत एवढेच कळते. काही गाड्यांत बॅटरी काढल्यानेही असे होते. अशा वेळी मी विक्रेत्याला कारण विचारतो आणि त्याचे उत्तर जॉब कार्डांशी ताडून पाहतो.

मामांच्या गाडीत कंपनीच्या पातळीवरच्या स्कॅनरने इंजिन एकूण किती तास चालले हेही दाखवले: ४,१०० तास. ५८,४१२ ला ४,१०० ने भागले की सरासरी वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर येतो. सतत कोंडीत अडकणाऱ्या गाडीचा इतका कमी वेग येऊ शकतो, पण हिच्या पहिल्या मालकाचे पुणे-नाशिक असे नेहमीचे जाणे-येणे होते, असे विक्रेत्यानेच सांगितले होते. एकट्या या भागाकारावर मी कधीही निकाल देत नाही; दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून तो वापरतो.

आणखी एक मोठी चूक म्हणजे विक्रेत्याने दिलेले सर्व्हिस बुक किंवा मोबाइलवर पाठवलेली पीडीएफ हीच सर्व्हिस हिस्ट्री मानणे. शिक्के मारलेले बुक कोणालाही भरता येते. मी मूळ मालकाला सोबत घेऊन, किंवा निदान फोनवर त्याची संमती मिळवून, त्याच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून नोंदी काढायला लावतो. मग प्रत्येक जॉब कार्डाची तारीख आणि किलोमीटर एकाखाली एक कागदावर लिहितो. शेवटचा आकडा पाहून उठणारे लोक इथे फसतात, कारण मीटर बहुधा गाडीने अधिकृत सर्व्हिस सोडल्यावर मागे केले जाते, आणि फसवणूक दिसते ती गतीमध्ये: वर्षाला वीस हजार चालणारी गाडी अचानक दोन वर्षांत चार हजारच चालल्यासारखी दिसते.

एकाच विसंगत नोंदीवरून मात्र कोणावर आरोप करू नये. जॉब कार्डवरचा आकडा सर्व्हिस ॲडव्हायझर हाताने टाकत असतो, आणि १४,५२० चे ४१,५२० झालेले मी पाहिले आहे. त्या नोंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी पाहिल्या की अशी चूक लगेच ओळखू येते.

मामांच्या गाडीच्या नोंदी अशा होत्या: २०१८ मध्ये ७१,२०६, २०१९ मध्ये ९४,८५०, आणि त्यानंतर काहीच नाही. दोन्ही आकडे क्रमाने आणि एकाच गतीने वाढलेले असल्यामुळे टंकनाची चूक संभवत नव्हती.

पेडलचे रबर, स्टिअरिंगची झिलई आणि सीट कव्हर यांवरून किलोमीटर ठरवणे सोडून द्यावे. या वस्तू बदलायला फार पैसे लागत नाहीत. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड मात्र अवश्य वाचावा: त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तीस हजार चाललेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीचे चारही टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी नवे असतील, तर त्याचे कारण विचारावे.

अहवालात मी खरे किलोमीटर असा नेमका आकडा कधीच लिहीत नाही, ‘किमान’ एवढेच लिहितो, कारण कसलेला माणूस इतर युनिटमधल्या नोंदीही बदलू शकतो आणि भंगारातून आणलेले युनिट दुसऱ्याच गाडीचा आकडा दाखवते. मामांच्या अहवालात मी ‘किमान ९४,८५०, प्रत्यक्षात बरेच अधिक’ असे लिहिले. विक्रेत्याने मीटर वॉरंटीत बदलल्याचे सांगितले. असे खरोखर घडते, आणि तेव्हा जॉब कार्डवर बदललेल्या भागांत मीटरची नोंद व जुन्या मीटरचा आकडा असायला हवा. आम्ही त्याच्यासमोरच सगळी कार्डे पुन्हा वाचली. वायपरच्या ब्लेडपर्यंत प्रत्येक भाग त्यांत नोंदलेला होता, मीटर कुठेही नव्हते, आणि मामांचा विसार त्याच दिवशी परत मिळाला.