बेसमेंटच्या गोदामात पाणी शिरलं तर: कळवायचं काय, उपसायचं कसं

नाशिकला गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की मेनरोड, सराफ बाजार, भांडीबाजारातले सगळे खाली धावतात, पण माझं गोदाम नदीच्या पुराने नाही तर रात्रीच्या एका जोरदार पावसात गटार उलटं मारल्याने भरलं. तेव्हा जे चुकलं त्यावरून ही तयारी लिहून ठेवतोय.

सगळ्यात पहिलं म्हणजे खाली उतरायचं नाही. मीटर वर असेल आणि तिथे कोरड्यात उभं राहता येत असेल तर मेन स्विच पाडा, आणि मीटरच खाली असेल तर हात न लावता महावितरणला 1912 वर सांगून लाईन बंद करून घ्या. एखादा बोर्ड पाण्यात असेल तर पाण्यात करंट असू शकतो आणि तो बघून कळत नाही.

न उतरता पाणी मोजायला जिना आहेच. आत्ताच, कोरडं असताना, एका पायरीची उंची मोजा आणि एकूण पायऱ्या भिंतीवर लिहून ठेवा. माझी पायरी 7 इंचाची, खालच्या 4 बुडाल्या होत्या, म्हणजे 28 इंच. "गुडघ्याच्या वर पाणी आहे" असं फोनवर सांगितलं तर समोरच्याला काहीच कळत नाही, कुणाचा गुडघा? जिथे पाणी टेकलंय तिथे मार्करने रेघ मारून वेळ लिहा आणि शटर, जिना, रेघ तिन्ही दिसतील असा फोटो काढा, उपसा सुरू व्हायच्या आधी.

वेळ दोन लिहायच्या. शेवटचं कोरडं कधी पाहिलं आणि पाणी कधी दिसलं. मी आधी विमा कंपनीला "रात्री पाणी शिरलं" एवढंच कळवलं होतं, त्यांच्या सर्व्हेअरने पहिला प्रश्न तोच विचारला. नंतर असा मेसेज पाठवला: "काल रात्री 9:30 ला शटर लावलं तेव्हा कोरडं. आज सकाळी 6:10 ला पाणी दिसलं, 28 इंच, पाणी मोरीच्या जाळीतून येतंय. लाईट 6:20 ला बंद केली. वह्यांचे 160 खोके आत, मोजणी बाकी. पंप 8 ला सुरू करणार." हाच विमावाल्याला, हाच घरमालकाला. पॉलिसी नंबर मोबाईलमध्ये हवा, गोदामातल्या फाईलमध्ये असून काय उपयोग. आणि पॉलिसीत बेसमेंटच्या मालाबद्दल काही अट आहे का, माल जमिनीपासून अमुक उंचीवर ठेवा वगैरे, ते आजच वाचा.

माल थरांनी मोजायचा. माझा एक खोका 12 इंच उंच, चाराची एक अशा 40 थप्प्या. 28 इंचात खालचे दोन थर पूर्ण बुडाले म्हणजे 80 खोके, तिसरा थर 4 इंच भिजला म्हणजे 40, आणि वरचे 40 दिसायला कोरडे. दिसायला म्हणतोय कारण कागद पाणी वर ओढतो आणि ओला खोका वजनाने बसतो, दुपारपर्यंत दोन थप्प्या आडव्या झाल्या. म्हणून तिन्ही आकडे वेगळे लिहा, आणि सर्व्हेअर बघेपर्यंत भिजलेला माल घंटागाडीत टाकू नका. पुढे माल राईट ऑफ केला की त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, सीएला तेही सांगा.

आता उपसा. आधी हिशोब करा. 20 बाय 15 फूट जागा आणि 28 इंच पाणी म्हणजे साधारण 700 घनफूट, एका घनफुटाला 28 लिटर धरले तर जवळपास 20 हजार लिटर. पंप मिनिटाला 150 लिटर खरंच फेकत असेल तर सव्वादोन तास, म्हणजे तासाला साधारण 12 इंच उतरायला हवं. माझ्याकडे 8 ते 9 मध्ये फक्त 4 इंच उतरलं. पंपाला शिव्या घालून झाल्या, मग पोरगं म्हणालं काका पाईप कुठे सोडलाय ते बघा ना! पाईप दारातल्या चेंबरमध्ये, आणि मोरी त्याच चेंबरला जोडलेली, म्हणजे आमचंच पाणी फिरून आत येत होतं. लांब बांबूने मोरीवर वाळूची गोणी दाबली, पाईप उताराकडे रस्त्यावर नेला, 9:20 ला परत सुरू केलं आणि सव्वाअकराला तळ दिसला. उरलेलं वायपर आणि बादलीने. म्हणून दर अर्ध्या तासाला रेघ मारा, उतार हिशोबापेक्षा फार कमी असेल तर पाणी अजून कुठूनतरी येतंय.

पंप डिझेलचा असेल तर तो रस्त्यावरच ठेवायचा, जिन्यातही नाही, बंद जागेत त्याचा धूर जीव घेतो. पंपाचं तोंड भोकं पाडलेल्या बादलीत ठेवा, नाहीतर कागदाचा लगदा अडकतो. आणि पाणी चार-पाच फूट असेल, बाहेरची जमीनही भिजून फुगलेली असेल तर एका दमात रिकामं करू नका, बाहेरच्या दाबाने भिंत आत येऊ शकते. दोन-तीन फूट उतरवून थांबा, रेघ मारून ठेवा आणि रात्रीत पाणी परत चढलं तर अजून उपसायची वेळ आलेली नाही.