परत गेलेल्या मालाची नोंद: कागद दोन, एन्ट्री एकच

दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडच्या प्रत्येक कृषी केंद्रात एकच काम चालू असतं. कपाशीवरच्या फवारण्या संपत आलेल्या असतात, काही कीटकनाशकं शेल्फवर उरलेली असतात, आणि वितरकाची गाडी आली की पेट्या परत जातात. माल जातो, पण हिशोबात तो धड उतरत नाही. मार्चमध्ये वितरक खातेउतारा पाठवतो तेव्हा त्याची बाकी एक आणि आपली बाकी भलतीच निघते, आणि फरक शोधता शोधता दोन दिवस जातात.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. दुकान दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, वितरक अमरावतीचा. जुलै २०२५ मध्ये बिल क्रमांक ११८७ ने एका कीटकनाशकाच्या एक लिटरच्या ६० बाटल्या आल्या, दर ५०० रुपये. मालाची किंमत ३०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००, एकूण ३५,४०० रुपये. हे बिल अजून द्यायचं आहे. ऑक्टोबरमध्ये त्यातल्या २० बाटल्या परत गेल्या.

माल गाडीत चढण्याआधी

चलन बनवा. त्यावर मूळ बिलाचा क्रमांक, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि बाटल्यांची संख्या लिहून गाडीवाल्याची सही घ्या. ‘साहेबांना फोन करून सांगतो’ यावर माल सोडू नका. बॅच नंबर नसेल तर वितरक हमखास म्हणतो की हा माल आमच्या बिलातला नाहीच.

त्याच दिवशी डेबिट नोट

टॅलीप्राइममध्ये `Alt+F5`. वितरकाचं खातं नावे, खरेदी परतावा आणि जीएसटीची खाती जमा. २० बाटल्यांचे १०,०००, कर १,८००, एकूण ११,८००. दर मूळ बिलाचाच घ्यायचा, आजचा नाही. बिलात सूट मिळाली असेल तर सूट वजा जाता जो दर पडला तो.

वितरकाचा कागद आल्यावरच नोंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मला मान्य नाही. तो कागद यायला कधी महिना, कधी दोन महिने लागतात. तेवढ्या काळात पुस्तकात २० बाटल्यांचा साठा दिसत राहतो आणि देणं ३५,४०० दिसतं. वसुलीचा माणूस आला की मालक पूर्ण चेक फाडून मोकळा होतो, आणि मग ११,८०० रुपये परत मागत फिरावं लागतं.

याहून वाईट असे दोन सल्ले आहेत. एक म्हणजे मूळ खरेदी बिलच उघडून ६० च्या जागी ४० करायचे. असं केलं की आपलं बिल वितरकाच्या बिलाशी आणि जीएसटीआर-२बी शी कायमचं जुळेनासं होतं. दुसरा सल्ला, परत गेलेला माल वितरकाला ‘विकला’ असं दाखवायचं. त्याने उलाढाल उगाच फुगते आणि खरेदीचं बिल देणेबाकीत तसंच उघडं राहतं. हे दोन्ही करू नका.

बिलाला जोडा

डेबिट नोट सेव्ह करताना बिलवार तपशील विचारला जातो. तिथे `Agst Ref` निवडून ११८७ ला जोडा. `On Account` ठेवलं तर एकूण बाकी बरोबर येते, पण बिलवार यादीत ११८७ पूर्ण ३५,४०० चं थकीत दिसतं आणि ११,८०० खाली बेवारस पडून राहतात. ते बिल आधीच चुकतं केलं असेल तर `New Ref` देऊन डेबिट नोट उघडी ठेवा आणि पुढच्या बिलात वळती करा.

वितरकाची क्रेडिट नोट हाती येते तेव्हा

सगळा घोळ इथे होतो. मलाही सुरुवातीला याच पायरीवर सगळ्यात जास्त अडायला व्हायचं, म्हणून ही सावकाश वाचा.

डिसेंबरमध्ये अमरावतीहून कागद येतो. त्यावर ठळक अक्षरात ‘क्रेडिट नोट’ लिहिलेलं असतं. दुकानातला मुलगा तो कागद घेतो, टॅलीत क्रेडिट नोट म्हणजे `Alt+F6` उघडतो आणि जसाच्या तसा चढवतो. तो कागद वितरकाच्या पुस्तकातला आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. वितरकाने त्याच्याकडे आपल्या खात्याला रक्कम जमा केली, म्हणून त्याच्यासाठी ती क्रेडिट नोट. आपल्या पुस्तकात तोच व्यवहार त्याच्या खात्याला नावे पडतो, आणि तो ऑक्टोबरमध्येच पडून गेलेला आहे. आता नवीन एन्ट्री करायचीच नाही. जुनी डेबिट नोट उघडायची, वितरकाच्या नोटचा क्रमांक आणि तारीख तिच्या तपशिलात लिहायची, आणि रक्कम ताडून पाहायची.

ताडायची अशासाठी, की ती बहुतेक वेळा जुळत नाही. आपल्या उदाहरणात दोन बाटल्यांची लेबलं फाटलेली होती, म्हणून वितरकाने १८ च धरल्या. त्याची क्रेडिट नोट ९,००० आणि कर १,६२०, म्हणजे १०,६२० रुपयांची आहे. आपण लावले होते ११,८००. फरक ११८० चा.

आता आपली डेबिट नोट दुरुस्त करून १८ बाटल्यांवर आणा. ती आपल्या कुठल्याही जीएसटी रिटर्नमध्ये चढत नाही, कारण कर कमी करणारा कागद वितरकाचा असतो. म्हणून आर्थिक वर्ष चालू असताना ही दुरुस्ती करायला हरकत नाही. दुरुस्तीनंतर देणं राहतं ३५,४०० वजा १०,६२०, म्हणजे २४,७८० रुपये. वितरकाच्या उताऱ्यात हाच आकडा असला पाहिजे.

पण त्या दोन बाटल्या आहेत कुठे, हे विचारल्याशिवाय दुरुस्ती करू नका. त्या परत दुकानात आल्या असतील तर डेबिट नोट १८ ची झाली की साठ्यात आपोआप दिसतात. त्या वितरकाकडेच राहून नष्ट झाल्या आणि पैसेही मिळाले नाहीत, तर ते आपलं नुकसान आहे. मग त्या साठ्यातून वेगळ्या काढून नुकसानीत टाकाव्या लागतात आणि त्यांच्यावर घेतलेलं १८० रुपयांचं कराचं क्रेडिटही सोडावं लागतं. माझा आग्रह असा, की नाकारलेला माल परत मागवा नाहीतर कारण लेखी घ्या. नुसतं ‘कापले’ म्हणून ऐकून घेतलं की पुढच्या हंगामात दोनाच्या चार होतात.

गडबड आधीच झाली असेल तर

ती कोणत्या जातीची आहे हे फरकाच्या आकड्यावरून कळतं. त्याचं खातं आणि आपलं खातं शेजारी ठेवा आणि फरक काढा.

आपली बाकी १२,९८० दिसत असेल तर फरक ११,८०० चा आहे. हा आकडा ओळखीचा आहे, ती आपली मूळ डेबिट नोट. म्हणजे ती तशीच राहिली आणि वितरकाचा कागदही दुसऱ्या डेबिट नोटने चढला, परतावा दोनदा वजा झाला. अशा वेळी देणं खऱ्यापेक्षा कमी दिसतं, मालक खुश असतो, आणि वितरक तगादा लावतो तेव्हा भांडण होतं.

आपली बाकी ४६,०२० दिसत असेल तर फरक २१,२४० चा. हा आकडा कुठल्याच कागदावर सापडणार नाही, म्हणून लोक इथे हात टेकतात. त्याचा अर्धा करून पाहा: १०,६२०. अर्धा आकडा एखाद्या नोटशी जुळला की समजायचं, रक्कम नावेऐवजी जमेला पडली आहे. डेबिट नोट केलीच नव्हती आणि वितरकाचा कागद `Alt+F6` ने चढवला, असा हा प्रकार.

बाकी ३४,२२० आली तर दोन्ही झालंय. डेबिट नोट जुन्याच रकमेची राहिली आणि वरून तो कागद जमेला पडला. फरक ९,४४० चा येतो आणि तो पूर्णही जुळत नाही, अर्धाही जुळत नाही. असं झालं की आकड्यांशी खेळत बसू नका. वितरकाच्या खात्यातल्या ऑक्टोबरनंतरच्या सगळ्या नोटा एकेक करून कागदाशी टिक करा.

उताऱ्यात हंगामी स्कीमच्या आणि रोख सुटीच्याही क्रेडिट नोटा असतात. त्यांत माल हललेला नसतो आणि बहुतेकांत जीएसटीही नसतो. त्या परताव्यात मिसळू नका. वितरकाला नावे, मिळालेली सूट जमा, एवढीच नोंद पुरते.

कराचं क्रेडिट

बिल आलं तेव्हा आपण ५,४०० चं क्रेडिट घेतलेलं आहे. त्यातलं १,६२० परत करायचं. वितरकाने आपल्या रिटर्नमध्ये क्रेडिट नोट चढवली की पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या आपल्या २बी मध्ये ती दिसते. तेव्हाच ३बी मध्ये तेवढी रक्कम उलटवा. माल गेला त्याच महिन्यात कुणी हाताने उलटवली असेल तर तसं लिहून ठेवा, नाहीतर २बी मधून आकडा आपसूक येतो आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा कापली जाते. कंपोझिशनमधल्या दुकानदाराने क्रेडिट घेतलेलंच नसतं, त्यामुळे त्याच्याकडे करासकट पूर्ण रक्कम खरेदी परताव्यात जाते. बियाण्यांवर जीएसटी नाही, त्यामुळे बियाण्याच्या पाकिटांच्या परताव्यात हा भागच येत नाही.

वितरकाला कर कमी करणारी क्रेडिट नोट कायम काढता येत नाही. बिल ज्या आर्थिक वर्षातलं, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्याने वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तिथवरच मुभा असते. जुलै २०२५ च्या बिलाला जास्तीत जास्त ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर तो बिनकराची नोट देतो, म्हणजे १८ बाटल्यांचे फक्त ९,०००. मग आपली डेबिट नोटही ९,००० चीच ठेवा. देणं २६,४०० राहील, आणि वितरकाने कर कमी केलेला नसल्याने ती नोट २बी मध्ये शोधू नका. दोन हंगाम जुना माल परत करायचा असेल तर गाडी बोलावण्याआधी वितरकाला हे विचारून घ्या.