पाचावर धारण बसली, आता नंबर सहाचा

मुलांच्या विनोदांचं आणि कोड्यांचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणायचं काम मला मिळालं, तेव्हा अनुवादाच्या कामात मी नवीनच होते. या कामात नव्याने येणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून तेव्हाची काही उदाहरणं इथे सांगते.

पहिल्याच पानावर तो प्रसिद्ध विनोद होता: सहा हा आकडा साताला का घाबरतो? कारण ‘सेव्हन एट नाइन’. इंग्रजीत ‘आठ’ आणि ‘खाल्लं’ या दोन शब्दांचा उच्चार सारखाच, त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘साताने नवाला खाल्लं’ असंही ऐकू येतं. मी तो शब्दशः उतरवला आणि खाली उच्चाराची तळटीप दिली. संपादकबाईंनी तळटीप खोडली. “मुलाला हसू आधी यायला हवं. टीप वाचून ते येत नाही,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून प्रत्येक विनोदाची मी एक चाचणी घेते. ज्या शब्दावर विनोद उभा आहे त्या जागी समानार्थी शब्द घालून बघायचा. हसू टिकलं तर गंमत प्रसंगात आहे, बिनधास्त जसंच्या तसं भाषांतर करा. हसू गेलं तर गंमत शब्दात आहे, आणि तो शब्द आपल्या भाषेत येणार नाही. मग विनोदाचा सांगाडा बघायचा. इथे सांगाड्यात तीन गोष्टी होत्या: आकडे, भीती आणि ‘का’ने सुरू होणारा प्रश्न. मराठीत आकडे आणि भीती कुठे एकत्र येतात, हे शोधताना ‘पाचावर धारण बसणे’ हा वाक्प्रचार आठवला आणि विनोद असा झाला:

सहा का घाबरला?
पाचावर धारण बसली, आता पुढचा नंबर त्याचा!

सहा तसाच राहिला, भीती राहिली, शिवाय ‘नंबर’ला दोन अर्थ आले. पण अडचणी दोन. मूळ चित्रात जिभल्या चाटणारा सात होता. तो आता निरर्थक झाला, म्हणून चित्रकाराला तो चित्रातून वगळायला सांगावं लागलं. चित्र बदलता येणार आहे की नाही हे कामाच्या सुरुवातीलाच लेखी विचारून घ्या. येणार नसेल तर तुमची मोकळीक चित्रातल्या वस्तूंपुरतीच. दुसरी अडचण मला भाचीने दाखवली. ती आठ वर्षांची, तिला हा वाक्प्रचारच माहीत नव्हता. तिचा चेहरा कोरा राहिला आणि विनोद मोठ्या मुलांच्या भागात गेला.

कोड्यांमध्ये हीच गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. सारख्याच घडणीची तीन कोडी होती. ‘दात आहेत, पण चावत नाही, ते काय?’ उत्तर कंगवा. मराठीतही कंगव्याला दातच असतात, म्हणून काही बदलायची गरज नाही. इथे नवं काही रचायचा मोह नवख्या माणसाला होतो, तो आवरा.

‘हात आहेत, पण टाळी वाजवत नाही’ याचं उत्तर घड्याळ. आपल्या घड्याळाला हात नसतात, काटे असतात. म्हणजे उत्तर ठेवायचं आणि श्लेष बदलायचा:

काटे असून टोचत नाही,
चालत राहतं, पण पोचत नाही.

मुळात यमक नव्हतं. तरी मी ते घेतलं, कारण आपली जुनी कोडी बहुतेक यमकातच येतात: ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ (दात आणि जीभ). यमक जुळवताना मी आधी नेमकी क्रिया ठरवते आणि ओळीच्या शेवटी ठेवते. ‘टोचत’ पक्कं झाल्यावर ‘पोचत’ सापडलं. उलट क्रमाने गेलं की यमक जुळतं, पण ओळ वस्तूला लागू पडत नाही. घड्याळ खरोखर ‘चालतं’ आणि कुठेच ‘पोचत’ नाही, म्हणून ही ओळ राहिली.

तिसरं कोडं सुईचं. इंग्रजीत सुईला डोळा असतो, पण तिला दिसत नाही. मराठीत ते नेढं, त्यामुळे डोळ्याचा खेळ संपला. पण राजगडावर सुवेळा माचीकडे जाताना कड्यात जे आरपार भोक आहे, त्यालाही नेढंच म्हणतात:

राजगडावर बसायला जागा,
घरात त्यातून ओवतात धागा.

इथे मात्र उत्तर ‘सुई’चं ‘नेढं’ झालं. चित्रातली सुई चालून गेली, पण पानाच्या तळाशी उलट्या छापलेल्या उत्तरांत ‘सुई’ तसंच राहिलं, ते मला शेवटच्या मुद्रितात दिसलं. तेव्हापासून उत्तर बदललं की मी आधी उत्तरांची यादी दुरुस्त करते आणि मगच पुढचं कोडं हातात घेते.