जाहिरातीचा मजकूर स्क्रीन बंद करून कसा तपासावा

रत्नागिरीच्या एका आंबा बागायतदाराचा ईमेल मागे माझ्याकडे तपासायला आला होता. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं:

‘आमच्या बागेतील नैसर्गिकरीत्या परिपक्व केलेल्या सर्वोत्कृष्ट प्रतीच्या हापूस आंब्यांच्या ५ डझनांच्या पेट्या १५ एप्रिलपूर्वी आगाऊ नोंदणी करणाऱ्या ग्राहकांना वाहतूक खर्च वगळता १० टक्के सवलतीत घरपोच उपलब्ध करून देण्यात येत आहेत. अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.’

वर आंब्याचा फोटो होता आणि खाली दरांचं पोस्टर. स्क्रीन न बघता नुसतं ऐकणाऱ्यालाही मजकूर कळतो का, याची तपासणी कशी करायची ते हाच ईमेल धरून सांगतो.

आधी शब्द. मजकूर मोठ्याने वाचा आणि गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना जो शब्द तोंडात येणार नाही, त्याखाली रेघ ओढा. ‘नैसर्गिकरीत्या परिपक्व केलेल्या’ म्हणजे नेमकं काय, असं मी बागायतदाराला विचारलं. ते म्हणाले, “अहो, गवताच्या आढीत पिकवलेला.” मग तेच लिहायचं. ‘सर्वोत्कृष्ट प्रतीच्या’ काढून टाकलं, कारण त्यातून काहीच कळत नव्हतं. धंद्यातले रुळलेले शब्द मात्र काढू नका. पेटी, डझन, आढी हे सगळ्यांना समजतं.

मग वाक्याची लांबी. मराठीत क्रियापद शेवटी येतं. डोळ्यांनी वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकणाऱ्याला मात्र ‘देण्यात येत आहेत’ येईपर्यंत पेटी, तारीख, खर्च, सवलत हे सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. पंधरा शब्दांच्या पुढे गेलेलं वाक्य मी थांबून तपासतो. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. एका वाक्यात एकच गोष्ट राहिली, की लांबी बहुधा आपोआप आटोक्यात येते.

वाक्य तोडताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. ‘वाहतूक खर्च वगळता’ म्हणजे तो वेगळा भरायचा, की फक्त सवलत त्याला लागू नाही? लांब वाक्यात ही संदिग्धता झाकली गेली होती. खर्च वेगळाच होता. नवा मजकूर असा झाला:

‘आमच्या बागेतला हापूस, गवताच्या आढीत पिकवलेला. पेटी ५ डझनांची. १५ एप्रिलच्या आत नोंदवा, पेटीवर १० टक्के सूट मिळवा. पेटी घरपोच येईल. वाहतुकीचा खर्च वेगळा.’

लिंक. स्क्रीन रीडर वापरणारे बरेचदा पान सलग न ऐकता फक्त लिंकांची यादी काढून ऐकतात. तुम्हीही ती काढून बघा. विंडोजवर NVDA हा मोफत स्क्रीन रीडर घ्या, ईमेल ब्राउझरमध्ये उघडा आणि Insert+F7 दाबा. आमच्या ईमेलच्या यादीत ‘येथे क्लिक करा’ तीनदा आलं. एक नोंदणीचं, एक दरांचं, एक पत्त्याचं. ऐकणाऱ्याने कुठलं निवडायचं? त्या जागी ‘हापूसची पेटी नोंदवा’, ‘या हंगामाचे दर’ आणि ‘आमच्या बागेचा पत्ता’ असं केलं. आजूबाजूचा मजकूर झाकूनही लिंक कुठे नेते ते कळलं, तर ती पास.

चित्रं. इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. पोस्टरमधले दर चित्राचाच भाग असतात आणि स्क्रीन रीडर ते अक्षरं म्हणून वाचत नाही. दर ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवल्या जाणाऱ्या वर्णनात, कोंबण्यापेक्षा ईमेलमध्येच साध्या मजकुरात लिहा. त्याने फोन झूम करून वाचणाऱ्यांचीही सोय होते, आणि चित्रं उघडली नाहीत तरी दर दिसतात.

फोटोचं वर्णन लिहिताना तो इथे कशासाठी टाकलाय हे स्वतःला विचारा. आमच्या फोटोत आढी दाखवायची होती, म्हणून वर्णनात आढी आलीच पाहिजे. ‘फोटो’ हा शब्द नको, कारण ते चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. कडेच्या आंब्याच्या पानांची नक्षी केवळ शोभेची, तिथे ऑल्ट रिकामं ठेवायचं:

```
<img src="IMG_4471.jpg" alt="गवताच्या आढीत ओळीने मांडलेले पिवळे हापूस">
<img src="border.png" alt="">
```

रिकामं ऑल्ट आणि ऑल्टच नसणं यांत फरक आहे. रिकामं असेल तर चित्र गाळलं जातं. नसेलच, तर काही वेळा ‘IMG_4471’ असं फाइलचं नाव ऐकू येतं. चित्रावरच लिंक असेल, तर मात्र ऑल्ट रिकामं ठेवू नका. तिथे लिंक कुठे नेते ते लिहा.

शेवटी ऐका. पानाची भाषा `lang="mr"` अशी नोंदलेली आहे ना, आणि संगणकावर मराठी आवाज आहे ना, ते बघा. नाहीतर मराठीचे उच्चार धड येत नाहीत. मग हा मजकूर न पाहिलेल्या कुणाला तरी बसवा, स्क्रीन बंद करा आणि ईमेल एकदाच ऐकवा. दर किती, शेवटची तारीख कोणती आणि नोंदणी कुठे करायची, हे कागदावर लिहायला सांगा. जे उत्तर चुकेल, तिथलं वाक्य पुन्हा लिहायला घ्या.